मेसेजच्या माथ्यावरचं नाव

बँकेच्या काउंटरवर बसलं की पासबुकाबरोबर मोबाइलही पुढे येतो. “हा मेसेज खरा आहे का हो?” असं विचारणाऱ्यांचे मेसेज वाचता वाचता जे ध्यानात आलं, ते लिहितो.

१. नाव दिसतं, कारण पाठवणारा मोबाइल नसतो.

एसएमएसमध्ये पाठवणाऱ्याची जी जागा असते, तिथे नंबराऐवजी अक्षरंही घालता येतात. बँकेचे मेसेज सिमकार्डावरून निघत नाहीत, संगणकावरून एकगठ्ठा निघतात. म्हणून तिथे नाव असतं आणि त्याला उत्तर पाठवता येत नाही. पण ती अक्षरं खरी की खोटी, हे तुमचा फोन तपासत नाही. डिसेंबर २०२१मध्ये सिंगापूरच्या ओसीबीसी बँकेच्या ग्राहकांना भामट्यांनी बँकेचंच नाव लावून मेसेज पाठवले. ते बँकेच्या जुन्या, खऱ्या मेसेजांच्याच रांगेत जाऊन बसले आणि शेकडो लोक फसले.

आपल्याकडे ही तपासणी मोबाइल कंपनीच्या दारात होते. ट्रायच्या २०१८च्या नियमांनुसार बँकेला आधी स्वतःची, मग नावाची आणि मेसेजच्या मजकुराच्या साच्याचीही नोंदणी करावी लागते. नोंदीशी जुळत नाही तो मेसेज कंपनीने अडवायचा असतो. त्यामुळे भामट्याला बँकेचं नाव सहजासहजी मिळत नाही, आणि तो साध्या दहा आकडी नंबरावरून मेसेज टाकतो.

२. नाव तीन तुकड्यांत वाचावं.

`VM-HDFCBK-S` हे उदाहरण घ्या. पहिलं अक्षर मोबाइल कंपनीचं: `V` म्हणजे व्होडाफोन आयडिया, `A` एअरटेल, `J` जिओ, `B` बीएसएनएल. दुसरं अक्षर विभागाचं, इथे `M` म्हणजे मुंबई. मधली सहा अक्षरं बँकेची. शेवटचं अक्षर मे २०२५पासून आलं: `T` व्यवहाराचा, `S` सेवेचा, `P` जाहिरातीचा, `G` सरकारी. काल `VM` होतं आणि आज `AD` कसं, म्हणून पुष्कळजण घाबरतात. घाबरू नये. पहिली दोन अक्षरं बदलतात, कारण बँक वेगवेगळ्या कंपन्यांमार्फत मेसेज पाठवते. पाहायची ती मधली सहा. ती कोणाच्या नावावर आहेत हे ट्रायच्या `smsheader.trai.gov.in` या संकेतस्थळावर शोधता येतं.

३. पैसे आल्याचा मेसेज म्हणजे पैसे नव्हेत.

आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाच्या काकूंना एकाचा फोन आला. “काकू, काकांचे १,२०० द्यायचे होते, चुकून १२,००० गेले. दवाखान्यात आहे, वरचे १०,८०० लगेच परत टाका.” तेवढ्यात मेसेजही आला. सुरुवातीला बँकेचं नाव, पुढे `credited with Rs.12,000.00`. काकू पैसे पाठवायलाच निघाल्या होत्या. मी तिथे होतो म्हणून फोन हातात घेतला. बँकेचं नाव होतं, पण मजकुरात, कुणीही टाइप करावं तसं. माथ्यावर मात्र दहा आकडी मोबाइल नंबर. खाते क्रमांकाचे शेवटचे आकडेही नव्हते. “काकू, आधी खात्यात बघू,” म्हणालो आणि ॲप उघडलं. शिल्लक सकाळची होती तेवढीच. पलीकडचा “सर्व्हर डाउन आहे” म्हणत राहिला. त्याला म्हटलं, पैसे खरंच चुकून गेले असतील तर तुमच्या बँकेत तक्रार करा, बँक आम्हाला विचारेल. फोन कट झाला.

घाई करणाऱ्याच्या प्रत्येक मेसेजला हीच कसोटी लावतो: मेसेजमधून नाही, स्वतः ॲप उघडून खातं पाहायचं.

४. नाव बरोबर असलं तरी लिंकवर बोट ठेवू नये.

नोंदणीला पळवाटा आहेत. मजकुराच्या साच्यात बदलत्या माहितीसाठी रिकामी जागा ठेवलेली असते, आणि तिचा गैरवापर झालेला आहे. म्हणून १ ऑक्टोबर २०२४पासून नोंद नसलेली लिंक असलेला मेसेज अडवला जातो. भामट्यांनी बनावट मोबाइल टॉवर जवळ ठेवला तर मात्र मेसेज मोबाइल कंपनीच्या दारातून जातच नाही. आणि व्हॉट्सॲपला तर ही नोंदणी लागूच नाही. तिथे बँकेचा लोगो लावून “आज रात्री खातं बंद होईल, केवायसी करा” म्हणत एपीके फाइल येते. ती फोनमध्ये टाकली की तुमचे ओटीपी परस्पर दुसरा वाचू शकतो.

५. ओटीपी गेलाच, तर लाजून घरी बसू नका.

पहिला फोन बँकेला, दुसरा १९३० या सायबर हेल्पलाइनला. रिझर्व्ह बँकेने २०१७मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. कार्डाच्या पाठीवर छापलेला बँकेचा नंबर आजच फोनमध्ये साठवून ठेवा. ऐन वेळी गूगलवर शोधायला गेलात, तर तिथेही भामट्यांनी टाकलेले खोटे नंबर सापडतात.