HL1 म्हणजे वेटिंगमध्ये पहिला नंबर नव्हे! विमानाच्या बुकिंगची स्क्रीन वाचायला शिका

व्हिडिओत स्क्रीन पटकन पुढे सरकते, म्हणून आजचा धडा इथे सावकाश लिहितो.

धरा, वारंगा फाट्यावर एका ताईंचं हळद पावडरचं छोटं युनिट आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानावर 14 नोव्हेंबरला सुरू होणाऱ्या व्यापार मेळाव्यात त्यांनी स्टॉल घेतलाय, भाडंही भरलंय. विमानप्रवास पहिलाच. 12 तारखेला नागपूरहून निघायचं आहे. एजंटाने त्याच्या स्क्रीनचा फोटो पाठवला:

```
AI xxx  12NOV  NAG DEL   Y9 B9 M4 L0
AI xxx  L  12NOV  NAGDEL  HL1
```

सोबत निरोप : "ताई, पीएनआर पडला, वेटिंग एक आहे, होऊन जाईल."

रेल्वेची सवय असलेला माणूस इथेच फसतो. रेल्वेत वेटिंग 1 म्हणजे रांगेत आपण पहिले. इथे HL म्हणजे वेटिंग हे खरं, पण पुढचा 1 हा प्रवाशांचा आकडा आहे. दोघे जाणार असते तर HL2 दिसलं असतं. रांगेत आपण कितवे, हे या ओळीत कुठेच लिहिलेलं नसतं. आणखी एक फरक. रेल्वेचं वेटिंग तिकीट हे पैसे भरलेलं तिकीट असतं, विमानात HL असताना तिकीट निघतच नाही. पीएनआर असतो, पण तो नुसता नोंदीचा क्रमांक. HK दिसलं की सीट पक्की. वेटिंगमधून सुटलं तर KL येतं, आणि त्यानंतर दिलेल्या मुदतीत पैसे भरून तिकीट काढावं लागतं. तिकीट निघालं का हे ओळखायची खूण म्हणजे 13 आकडी ई-तिकीट नंबर. एजंटाला तोच मागा. (स्वस्त विमान कंपन्यांच्या साईटवर हा प्रकार सहसा नसतोच, सीट असेल तर मिळते, नाहीतर नाही.)

आता वरची ओळ. Y, B, M, L हे सीटचे प्रकार नाहीत. सगळे एकाच इकॉनॉमीत, एकाच रांगेत बसतात. हे भाड्याचे वर्ग आहेत. Y सगळ्यात महाग, पण बदल आणि रद्द करायला सोपा. L स्वस्त, पण अटी कडक. M4 म्हणजे त्या भाड्यात चार सीट विकायच्या आहेत, 9 म्हणजे नऊ किंवा जास्त. L0 म्हणजे स्वस्त कोटा संपला. म्हणजे विमानात जागा आहे, वेटिंग फक्त स्वस्त भाड्याचं आहे! कंपनीने L पुन्हा उघडला तरच ते सुटणार, आणि M मध्ये गिऱ्हाईक असताना ती का उघडेल?

समजा L चं भाडं 5,200 आणि M चं 7,400. फरक 2,200 रुपयांचा. स्टॉलचं भाडं आधीच गेलंय, म्हणून माझ्या हिशोबाने ताईंनी M घेऊन HK करावं. तेवढे पैसे नसतील तर नांदेडहून सचखंड एक्सप्रेसचं कन्फर्म तिकीट हातात ठेवावं, मगच HL ची वाट बघावी. एकाच नावाने त्याच विमानात L चं वेटिंग आणि M ची पक्की सीट दोन्ही ठेवू नका, डुप्लिकेट म्हणून कंपनी नोंद काढून टाकू शकते. जोडीने जाणार असाल तर एकेकट्याचं भाडंही बघा. स्वस्त वर्गात एकच सीट उरली असेल तर दोघांना मिळून शोधल्यावर सिस्टीम दोघांनाही महाग भाडं दाखवते.

राहिलं सामान. देशांतर्गत इकॉनॉमीत साधारणपणे केबिन बॅग एक, 7 किलो, आणि खाली टाकायचं सामान 15 किलो. पण काही स्वस्त भाड्यांत खालचं सामान धरलेलंच नसतं, म्हणून तिकिटावरची बॅगेजची ओळ वाचाच. 7 किलोत बॅगेचं वजनही येतं. ट्रॉलीच अडीच किलोची असेल तर आत साडेचारच मावतात. लांबी, रुंदी, उंची मिळून साधारण 115 सेंटीमीटर, यापेक्षा मोठी नको.

ताईंचे 250 ग्रॅमचे 40 पाऊच, झाले 10 किलो. खोका एक किलो, बॅनर दोन. 13 झाले, दोन किलो कपडे, संपलं. पाऊच कापायची कात्री याच खोक्यात, वरच्या बॅगेत नको. हळदीसोबत मिरची पावडर नेणार असाल तर तीही खालीच. पॉवर बँक मात्र उलट : ती फक्त केबिन बॅगेत चालते, खोक्यात नाही. युनिटमधल्या काट्यावर दोन्ही डाग घरूनच मोजून निघा, काउंटरवर जादा वजनाचे पैसे किलोमागे लागतात.