तेलाचा डबा: लिटरचा की किलोचा?

सण आला की गटातल्या चौघी-पाचजणी मिळून तेलाचा डबा आणतात. दुकानदार दोन डबे दाखवतो. एक २,१३० रुपयांचा, दुसरा २,२८०चा. दोन्हीवर १५ आकडा ठळक. मग स्वस्त तो उचलला जातो. पण एकावर १५ लिटर लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यावर १५ किलो. (भाव हिशोबापुरते धरलेत, तुमच्या गावचे घाला.)

तेल पाण्यापेक्षा हलकं. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल १३ किलो ६५० ग्रॅमच. म्हणून आधी सगळं वजनात आणायचं, मग भावाला वजनाने भागायचं:

१५ लिटरचा डबा: २,१३० ÷ १३.६५ = किलोला १५६ रुपये
१५ किलोचा डबा: २,२८० ÷ १५ = किलोला १५२ रुपये

दीडशे रुपयांनी स्वस्त दिसणारा डबा किलोमागे चार रुपयांनी महाग निघाला!

पिशवीचंही तसंच. पिशवीवर वजन ग्रॅममध्ये असतं, तेव्हा मोबाईलवर किंमत भागिले ग्रॅम, गुणिले १००० करा. ९१० ग्रॅमची पिशवी १४० रुपयांना मिळाली, तर १४० ÷ ९१० × १००० = किलोला सुमारे १५४. म्हणजे लिटरच्या डब्यापेक्षा सुटी पिशवीच परवडली. मोठं घेतलं की स्वस्त पडतं, हे दरवेळी खरं नसतं. शेजारची पिशवी तेवढीच फुगीर, भाव १३४. पण मागे बारीक अक्षरात ८५० ग्रॅम. तिचा किलोचा भाव जवळजवळ १५८ येतो. फुगवट्यावर जाऊ नका, निव्वळ वजन वाचा.

पाकिटावर 'युनिट सेल प्राइस' म्हणून ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापलेला असतो. तो छापील किमतीवरून काढलेला असतो. दुकानदार कमी भावाने देत असेल, तर आपण देतो त्या पैशांवर हिशोब पुन्हा करावा लागतो. आणि तुलना एकाच तेलाची करा, सोयाबीनची शेंगदाण्याशी नको.

आता पिशव्या सोडून किलोचा डबा आणला तर किलोमागे दोन रुपये वाचतात, अख्ख्या डब्याला तीसच्या आसपास. डबा आणायला रिक्षाचे पन्नास जाणार असतील तर पिशव्याच बऱ्या. शिवाय डबा एकदा फोडला की तेल लवकर संपवावं लागतं, नाहीतर खवट होतं.

डबा वाटताना मापाने ओतू नका, काट्यावर तोला. दहाजणींनी दीड-दीड किलोचे पैसे भरले आणि लिटरच्या मापाने दीड-दीड लिटर घेतलं, तर प्रत्येकीला १३५ ग्रॅम कमी मिळतं आणि डब्याच्या तळाशी १,३५० ग्रॅम उरतं. भांड्याचं वजन आधी वजा करायला विसरू नका.