दुसरा अर्ज : काय बदलावे आणि काय सांगावे



फिलाडेल्फिया येथील वॉर्टन या व्यवस्थापनशाळेने एमबीएच्या दुसऱ्या फेरीत चिरंजीव पुतण्याचा अर्ज नाकारल्याचे मार्चअखेर कळले, आणि सप्टेंबरच्या पहिल्या फेरीत तोच अर्ज थोडा सुधारून पुन्हा पाठवण्याचा बेतही कानावर आला. पुन्हा अर्ज करण्यास हरकत नाही. मात्र पूर्वी अर्ज केला होता का, हा प्रश्न अर्जातच असतो आणि त्याचे उत्तर होकारार्थी येताच प्रवेश समितीला दोन्ही अर्ज शेजारी ठेवून वाचता येतात. त्यामुळे उमेदवार चांगला आहे का, यापेक्षा गेल्या वेळेपासून त्याच्यात काय बदलले, या प्रश्नाला अधिक महत्त्व येते. जे बदलू शकते ते खरोखर बदलणे आणि जे घडून गेले ते दोन्ही अर्जांत सारखेच सांगणे, या दोन गोष्टींवर दुसऱ्या अर्जाची भिस्त असते.

नकाराची कारणे अशा शाळा सहसा कळवत नाहीत. म्हणून नकार कोणत्या टप्प्यावर आला, यावरूनच अंदाज बांधावा लागतो. मुलाखतीनंतर नकार आला असता, तर कागदोपत्री उमेदवार पात्र होता पण बोलण्यातून त्याचे उद्दिष्ट पटले नाही किंवा स्पर्धेत तो थोडक्यात मागे पडला, असे समजता आले असते. वॉर्टनमध्ये मुलाखतीचा मुख्य भाग म्हणजे पाच-सहा उमेदवारांना एकत्र बसवून एका विषयावर करायला लावलेली चर्चा असते आणि तीत इतरांना सोबत घेऊन बोलणे पाहिले जाते. चिरंजीवाला मुलाखतीचे बोलावणेच आले नाही, याचा अर्थ अर्ज कागदावरच अडला. तेव्हा मुलाखतीच्या सरावावर पैसे खर्च करण्यापूर्वी गुण, निबंध आणि शिफारसपत्रे या तिन्हींची झडती घेणे योग्य.

गुणांपासून सुरुवात करता जीमॅट या प्रवेशपरीक्षेत एकूण ६२५ गुण आहेत. त्यांत भाषेच्या भागात ८५, तर गणित आणि माहिती-विश्लेषण या भागांत प्रत्येकी ७९ आहेत. ही परीक्षा आता २०५ ते ८०५ या मापावर होते आणि तिचा प्रत्येक भाग ६० ते ९० या मापावर मोजला जातो. जुन्या मापावरचा ७०० हा आकडा साधारणपणे नव्या मापावरच्या ६४५ शी जुळतो, हे ध्यानात घेतले की ६२५ किती तोकडे पडतात ते कळते. त्यातच पदवीच्या तिसऱ्या सत्रात अभियांत्रिकी गणितात एटीकेटी लागली होती, म्हणजे विषय राहिल्यामुळे तो पुढच्या वर्गात जाऊन सोडवावा लागला होता. समितीच्या दृष्टीने हे दोन सुटे दोष नाहीत. आकडेमोडीच्या अभ्यासक्रमाचा भार या विद्यार्थ्याला झेपेल का, या एकाच शंकेचे ते दोन पुरावे आहेत. म्हणून गणित आणि विश्लेषण या दोन्ही भागांत दिसण्याजोगी वाढ होईल अशा रीतीने परीक्षा पुन्हा द्यावी. दोन प्रयत्नांत १६ दिवसांचे अंतर सक्तीचे असते आणि बारा महिन्यांत पाचच प्रयत्न करता येतात, हे धरून आखणी करावी. जोडीला हार्वर्डच्या व्यवस्थापनशाळेचा कोअर हा ऑनलाइन अभ्यासक्रम, ज्यात व्यवसाय-विश्लेषण, अर्थशास्त्र आणि वित्तीय लेखांकन शिकवले जाते, चांगल्या श्रेणीत पूर्ण केल्यास जुन्या गुणपत्रिकेसमोर नवा पुरावा उभा राहतो.

यानंतर पुनर्अर्जदारांसाठीचा निबंध येतो. मागील अर्जानंतर उमेदवाराने काय चिंतन केले, त्याची वाढ कशी झाली आणि नोकरीत, अभ्यासात वा सामाजिक कामात नवे काय घडले, हे वॉर्टन सुमारे २५० शब्दांत विचारते. एवढ्या जागेत निराशेचे वर्णन, शाळेची स्तुती आणि चिकाटीची ग्वाही यांना थारा नसावा. ‘जबाबदाऱ्या वाढल्या आणि नेतृत्वगुण विकसित झाले’ हे वाक्य कोणाच्याही निबंधात बसेल. त्याऐवजी चिरंजीव काम करतो त्या चाकणच्या कारखान्यात डायकास्टिंगच्या लाइनवरील स्क्रॅप, म्हणजे बाद ठरणारा माल, ६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणताना देखभाल विभागाला दर पाळीत साचा तपासायला कसे राजी केले, हे लिहिल्यास बदल दिसतो; अर्थात ते काम खरोखर तितके पूर्ण झाले असेल तरच. पहिल्या अर्जातील ‘सल्लागार क्षेत्रात जायचे आहे’ हे उद्दिष्टही असेच मोघम होते. आता ते वाहनांच्या सुट्या भागांच्या उद्योगाशी जोडून नेमके करावे. पण ते एकदम चित्रपटनिर्मितीवर नेल्यास, मध्ये काय घडले याचा उलगडा द्यावा लागेल आणि तो बहुधा पटणार नाही.

शिफारसपत्रांविषयी आपल्याकडील एक रीत घातक ठरते. ‘मसुदा लिहून आण, सही करतो’ असे वरिष्ठ सहज म्हणतात; परंतु शिफारसकर्त्याला ते पत्र स्वतःचे असल्याचे मान्य करून ते थेट शाळेकडे पाठवायचे असते, आणि निबंधाची धाटणी पत्रात उतरली की जाणत्या वाचकाच्या ते लक्षात येते. चिरंजीवाने वरिष्ठांना मसुदा न देता केलेल्या कामांचे एक पानभर टिपण द्यावे आणि निदान एक पत्र तरी या वर्षीचे काम जवळून पाहिलेल्या नव्या व्यक्तीकडून घ्यावे.

आता काय उघड करावे याविषयी. पूर्वीचा अर्ज लपवू नये; तो नोंदीत असतो आणि खोटे उत्तर देणे हे नकारापेक्षा फार मोठे संकट ओढवून घेणे होय, कारण प्रवेश मिळाल्यावरही माहितीची पडताळणी होऊन प्रवेश रद्द होऊ शकतो. पहिल्या अर्जात मूळ वार्षिक वेतनाच्या रकान्यात सीटीसीचा आकडा लिहिला गेला होता, ज्यात भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि बोनस सर्व धरलेले असते. या वेळी खरे मूळ वेतन लिहिल्यास पगार घटल्यासारखा दिसेल. म्हणून जादा माहितीच्या ऐच्छिक निबंधात, मागील आकडा एकूण मोबदल्याचा होता, एवढा सरळ खुलासा करावा. एटीकेटीचा खुलासाही तेथेच तीन-चार वाक्यांत द्यावा : विषय कोणता, तो कधी सोडवला आणि त्यानंतर गणिताची तयारी कशाने सिद्ध होते. प्राध्यापकांवर ठपका किंवा घरच्या अडचणींचा विस्तार तेथे नको. पदवीची श्रेणी विद्यापीठाच्या मूळ मापावरच द्यावी. ती स्वतःच्या हिशेबाने अमेरिकी मापात बदलू नये. उलट, इतर शाळांचे नकार न विचारता सांगण्याचे कारण नाही. विचारले तर मात्र खरे उत्तर द्यावे.

पहिल्या फेरीचा हट्ट धरू नये. ऑगस्टच्या मध्यापर्यंत नवे गुण हाती नसतील किंवा कारखान्यातील काम अर्धवट असेल, तर जानेवारीची दुसरी फेरी गाठावी, कारण सहा महिन्यांत फक्त भाषा बदललेला अर्ज समितीला पहिल्याच अर्जासारखा वाटतो. एवढे करूनही यशाची हमी नाही. भारतीय अभियंत्यांची गर्दी या स्पर्धेत मोठी आहे आणि वर्गातील जागा मर्यादित आहेत. म्हणून या वेळी आणखी तीन-चार शाळांचे अर्ज सोबत असावेत आणि वॉर्टनच्या निबंधाचा मसुदा तयार झाल्यावर तो मागील अर्जाच्या प्रतीसह इकडे पाठवावा, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतील.