बायोडाटातलं ‘थोडंसं येतं’ कसं सांगायचं?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, आपल्या मुलांचे बायोडाटे एकदा चाळून पाहा. ‘संगणक ज्ञान’ या रकान्यात बहुतेकांनी एकच ओळ लिहिलेली असते : एमएस-सीआयटी, एक्सेल, टॅली. यातलं कोणतं रोज वापरलंय आणि कोणतं फक्त क्लासमध्ये पाहिलंय, हे त्या ओळीवरून कळत नाही. मुलाखत घेणारा नेमकं तेच विचारतो, आणि मूल अडखळतं.

पारनेर तालुक्यातल्या एका गावची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची माझी एक विद्यार्थिनी. सुपा एमआयडीसीत स्टोअर असिस्टंटच्या जागेसाठी तिला अर्ज करायचा होता. जाहिरातीत ‘एक्सेल येणे आवश्यक’ असं होतं. तिनं ‘अ‍ॅडव्हान्स एक्सेल’ लिहून आणलं. मी विचारलं, “VLOOKUP करता येतं का गं?” ती म्हणाली, “सर, क्लासमध्ये एकदा दाखवलं होतं.”

मी तिला ती ओळ खोडायला सांगितली नाही, फोडायला सांगितली. नवीन ओळ अशी झाली : ‘एक्सेल – बेरीज, सॉर्ट, फिल्टर नेहमी वापरते, VLOOKUP शिकत आहे.’ पण ‘शिकत आहे’ हे खरं असायला हवं. मुलाखतीला आठवडा होता, म्हणून तिला घरचंच काम दिलं.

तिच्या वडिलांचं दूध संकलन केंद्र आहे, 85 उत्पादक. रोजच्या नोंदीत फक्त कोड नंबर आणि लिटर असतात. दहा दिवसांच्या बिलाला प्रत्येक कोडपुढं नाव लागतं. ती ते हातानं लिहायची. नोंदीतले कोड A रकान्यात, उत्पादकांची यादी E आणि F मध्ये. तिनं पहिल्यांदा हे लिहिलं :

```
=VLOOKUP(A2,E2:F86,2)
```

सूत्र खाली ओढल्यावर काही ओळींत #N/A आलं, काही ठिकाणी भलत्याचंच नाव. दोन संध्याकाळी ती यात अडकली. तिसऱ्या दिवशी कारणं सापडली. सूत्र खाली ओढताना यादीची चौकटही एकेक ओळ खाली सरकत होती, त्यामुळे वरचे उत्पादक चौकटीबाहेर पडत होते. शिवाय शेवटी FALSE लिहिलं नाही तर एक्सेल जवळपासची किंमत शोधतो आणि त्यासाठी कोड चढत्या क्रमानं आहेत असं धरून चालतो. तिची यादी तर नावांच्या क्रमानं होती! दुरुस्त सूत्र असं :

```
=VLOOKUP(A2,$E$2:$F$86,2,FALSE)
```

#N/A निदान डोळ्यांना दिसतं. चुकीचं नाव मात्र गुपचूप बसतं आणि एकाच्या दुधाचे पैसे दुसऱ्याच्या नावावर जातात. म्हणून तिनं दहा कोड जुन्या वहीशी ताडून पाहिले.

मुलाखतीत प्रश्न आलाच, “एक्सेल कितपत येतं?” तिचं उत्तर साधारण असं होतं : “बेरीज, सॉर्ट, फिल्टर मी विनामदत करते. VLOOKUP मागच्या आठवड्यात शिकले. दुधाच्या नोंदीत कोडवरून नाव आणायला तीन दिवस लागले, कारण डॉलरचं चिन्ह आणि FALSE राहिलं होतं. पिव्होट टेबल अजून केलेलं नाही.” समोरच्यानं लगेच मालाच्या कोडची यादी दिली आणि वस्तूंची नावं आणायला सांगितली. काम तेच होतं, उत्पादकाच्या जागी वस्तू आली एवढंच. तिला जमलं.

या उत्तरात चार गोष्टी आहेत : काय एकटीला येतं, नुकतंच काय शिकले, त्याला किती दिवस लागले व कुठं चुकले, आणि काय येत नाही. ‘मी लवकर शिकते’ हे वाक्य कुणीही म्हणू शकतं. चूक आणि तिचं कारण मात्र ज्यानं स्वतः काम केलंय त्यालाच सांगता येतं. शिकण्याचा वेग त्यातूनच दिसतो.

याला मर्यादाही आहे. तीन दिवसांत एक सूत्र आलं म्हणून ‘आठवड्यात टॅली शिकते’ असं वचन देऊ नये. आयटीआयच्या मुलांनी तर जास्तच जपावं. सीएनसी मशीन फक्त पाहिलं असेल तर ‘पाहिलं आहे, चालवलेलं नाही’ असंच म्हणावं. तिथं चुकीचा ऑफसेट टाकला तर टूल जॉबवर आदळतं. एक्सेलसारखं मागं घेता येत नाही.

वर्गात हे करून पाहा. प्रत्येकाला बायोडाटातलं एक अर्धवट येणारं कौशल्य निवडू द्या, घरच्या किंवा दुकानाच्या खऱ्या कामात आठवडाभर वापरायला लावा, आणि कुठं अडलं ते तारखेसह वहीत लिहायला सांगा. मुलाखतीच्या आदल्या दिवशी ते पान वाचलं, की उत्तर पाठ करावं लागत नाही.