‘भार’ की ‘बर्डन’? : सीटीच्या चाचणीतील एका शब्दाविषयी

तांत्रिक अनुवादाच्या तासाला विद्यार्थी ‘लोड’ आणि ‘बर्डन’ या दोन्ही शब्दांसाठी ‘भार’ हा एकच शब्द लिहितात. शब्दकोशाच्या दृष्टीने त्यात चूक काढता येणार नाही. पण वीजमापनाच्या मजकुरात हा अनुवाद वाचणाऱ्याला नेमका उलट अर्थ सांगतो. ते कसे, हे समजण्यासाठी आधी हे उपकरण काय करते ते पाहावे लागेल.

मोठ्या ग्राहकाकडे जाणारी २०० अँपिअरची विद्युतधारा थेट मीटरमधून नेत नाहीत. ती करंट ट्रान्सफॉर्मरमधून, म्हणजे बोलीतल्या ‘सीटी’तून जाते. २००/५ अशी पट्टी असलेल्या सीटीच्या प्राथमिक बाजूला २०० अँपिअर वाहत असतील, तर दुय्यम बाजूने मीटरला ५ अँपिअर मिळतात. मीटरची नोंद ४० पट केली की खरा आकडा येतो. हे ४० म्हणजे त्या सीटीचे गुणोत्तर, आणि बिलाचा सारा हिशेब त्यावर उभा असतो.

आता ‘बर्डन’. सीटीच्या दुय्यम बाजूला जोडलेली तार, जोडण्या आणि मीटर यांचा एकत्रित अडथळा म्हणजे बर्डन. ते व्होल्ट-अँपिअरमध्ये सांगतात. घरच्या विजेत दाब ठरलेला असतो. अडथळा कमी केला की धारा वाढते, म्हणजे लोड वाढतो. तारा एकमेकींना चिकटल्या तर लोड अफाट होऊन फ्यूज उडतो. सीटीत धारा ठरलेली असते, कारण ती प्राथमिक बाजूच्या धारेवरून येते. तीच धारा अधिक अडथळ्यातून ढकलायची तर सीटीला दाब वाढवावा लागतो. म्हणून इथे अडथळा वाढला की बर्डन वाढते, आणि दुय्यम टोके एकमेकांना जोडली तर बर्डन शून्याजवळ येते. ‘मंजूर भार’ आणि ‘भारनियमन’ यांमुळे ‘भार’ हा शब्द मराठीत लोडसाठी पक्का झाला आहे. तोच बर्डनला दिला, तर वाचणारा आधीची समजूत सोबत घेऊनच इकडे येतो. त्यामुळे माझे मत सरळ आहे : ‘बर्डन’ तसाच ठेवावा.

याच उलटेपणातून एक सक्त नियम निघतो. प्राथमिक बाजूला धारा चालू असताना सीटीची दुय्यम बाजू कधीही उघडी सोडायची नाही. मीटर काढायचा तर आधी टेस्ट ब्लॉकवर दुय्यम टोके शॉर्ट करायची. उघड्या टोकांवर जीवघेणा दाब तयार होतो आणि सीटीही निकामी होऊ शकते. घरच्या विजेची सवय असलेला माणूस नेमके याच्या उलट वागायला जातो.

बर्डन जास्त झाले की मोजमाप का बिघडते? दुय्यम बाजूला दाब निर्माण होण्यासाठी सीटीच्या लोखंडी गाभ्यात चुंबकीय प्रवाह लागतो, आणि तो टिकवण्यासाठी थोडी धारा गाभ्यातच खर्च होते. ही धारा प्राथमिक बाजूकडून आलेल्या हिश्श्यातून वजा होते आणि उरलेली मीटरपर्यंत पोचते. बर्डन वाढले की दाब वाढतो, दाबाबरोबर गाभ्याचा हा खर्च वाढतो आणि मीटरला तितके कमी मिळते. गाभा संपृक्त होऊ लागला, की खर्च दाबाच्या प्रमाणात राहत नाही, एकदम उसळतो.

एक उदाहरण आकड्यांनी सोडवू. सीटी २००/५, अचूकतेचा वर्ग ०.५, ठरलेले बर्डन ५ व्होल्ट-अँपिअर. या वर्गात पूर्ण धारेला चूक अर्ध्या टक्क्याच्या आत हवी, पण ही हमी बर्डन ठरलेल्या मर्यादेत, म्हणजे १.२५ ते ५ व्होल्ट-अँपिअरच्या दरम्यान असेल तरच लागू असते. समजा सीटी यार्डात आहे आणि मीटर ४० मीटर दूर पॅनेलवर. अडीच एमएमच्या तांब्याच्या तारेचा अडथळा मीटरला सुमारे ०.००७४ ओहम असतो. जाऊन-येऊन ८० मीटर धरले की जवळजवळ ०.५९ ओहम होतो. मीटर व जोडण्यांचे ०.०३ धरले तर एकूण ०.६२. धारेचा वर्ग, म्हणजे २५, याने गुणले की १५.५ व्होल्ट-अँपिअर येतात. ठरलेल्या बर्डनच्या तिपटीहून थोडे अधिक. मीटरचा वाटा त्यात नगण्य आहे. जवळजवळ सगळे बर्डन तारेने खाल्ले.

हे जागेवर तपासता येते. वीज बंद करून सीटी सोडवायची, तिच्या जागी चाचणी संचातून मीटरकडे जाणाऱ्या तारांत ५ अँपिअर सोडायचे आणि तिथेच दाब मोजायचा. वरच्या जोडणीत सुमारे ३.१ व्होल्ट दिसतील. ५ ने गुणले की तेच १५.५. दाब हिशेबापेक्षा बराच जास्त निघाला, तर एखादा स्क्रू सैल असण्याची किंवा टोकाला गंज असण्याची शंका घ्यावी. तिथला ०.०५ ओहमसुद्धा सव्वा व्होल्ट-अँपिअर असतो.

गुणोत्तराच्या चाचणीत प्राथमिक बाजूने २०० अँपिअर सोडून दुय्यम धारा मोजतात. आता फसगत कशी होते ते पाहा. सीटी बाकावर घेऊन, आखूड तारांनी जोडून तपासली, तर समजा ४.९८५ अँपिअर मिळाले. ४० ने गुणले की १९९.४, चूक उणे ०.३ टक्के, सीटी पास. मीटरही स्वतंत्रपणे पास. खऱ्या तारांसह तीच चाचणी घेतली आणि समजा ४.९५५ आले, तर १९८.२, चूक उणे ०.९ टक्के. वर्गाची मर्यादा ओलांडली, तरी दोष ना सीटीत ना मीटरमध्ये. तो मधल्या तारेत आहे. म्हणून चाचणी अहवालात ‘गुणोत्तर बरोबर’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. ‘किती बर्डनवर’ हे लिहिलेच पाहिजे. क्लॅम्प मीटरने दोन्ही बाजू पाहून हा फरक कळत नाही, कारण त्याची स्वतःची चूकच टक्का-दोन टक्के असते. ४००/५ ची सीटी चुकून बसली असेल, तर मात्र ती क्लॅम्प मीटर लगेच पकडतो.

महिन्याला ५०,००० युनिट वापरणाऱ्याकडे ०.९ टक्के म्हणजे ४५० युनिट नोंदवले जात नाहीत. तोटा वीज देणाऱ्याचा होतो. ग्राहक छतावरून सौरवीज ग्रिडला देत असेल, तर त्या विजेपुरता तोटा त्याचाच. अर्थात प्रत्येक वेळी नोंद कमीच होते असे नाही. गाभ्याच्या खर्चामुळे दुय्यम धारेचा कोनही किंचित पुढे सरकतो. तो अर्ध्या अंशाने सरकला आणि ग्राहकाचा पॉवर फॅक्टर ०.५ इतका खाली असला, तर त्या एका कारणाने नोंद सुमारे दीड टक्का जास्त होते. दोन्ही चुका विरुद्ध दिशांना खेचतात, म्हणून ‘बर्डन जास्त म्हणजे बिल कमी’ हे वाक्य अहवालात सरसकट लिहू नये.

उपायासाठी पहिला विचार जाड तारेचा सुचतो. वरच्या उदाहरणात चार एमएमची तार घातली, तरी बर्डन दहा व्होल्ट-अँपिअरच्या आसपास राहते. म्हणजे अजूनही दुप्पट. मीटर सीटीजवळ आणणे किंवा जास्त बर्डनची सीटी घेणे हे मार्ग आहेत. तिसरा मार्ग १ अँपिअर दुय्यम असलेल्या सीटीचा : धारा पाचपट कमी झाल्याने त्याच तारेचे बर्डन पंचवीसपट कमी होऊन ०.६ व्होल्ट-अँपिअरवर येते. मात्र मीटरही १ अँपिअरचा बसवावा लागतो, गुणाकार ४० ऐवजी २०० होतो, आणि तो बिलाच्या नोंदीत बदलला नाही तर ग्राहकाच्या बिलात वापराचा पाचवा हिस्साच दिसेल. शिवाय ०.६ हे बर्डन फार कमीही ठरू शकते : नव्या सीटीचे ठरलेले बर्डन ५ असेल, तर तिची हमीही १.२५ च्या खाली लागू नाही. म्हणून तिथे २.५ किंवा त्याहून कमी बर्डनची सीटी मागवून, खऱ्या तारांसह चाचणी पुन्हा घेतात.