तेलाचा हिशोब किराणाच्या यादीतून करा

आमच्या घरात बाहेरचं खाणं जवळजवळ नाहीच. सकाळी चपाती-भाजी, रात्री ज्वारीची भाकरी, पिठलं नाहीतर एखादी रस्साभाजी आणि शेंगाची चटणी. नातेपुत्यात बहुतेक घरांतून हेच जेवण असतं. म्हणूनच आमच्या ह्यांचं वजन वाढत चाललं आणि रक्तात चरबी वाढल्याचा रिपोर्ट आला, तेव्हा घरात सगळ्यांनाच नवल वाटलं. वडा-भजी नाही, बेकरी नाही, गोड बेताचं. मग हे आलं कुठून?

डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं आणि ह्यांनी पहिली कात्री भाकरीला लावली. रात्रीच्या तीन भाकऱ्यांची दीड झाली. दोन-अडीच महिने गेले, तरी काटा जागचा हलला नाही. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी भाकरीचं काही विचारलंच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहून एवढंच विचारलं, "ताई, महिन्याला तेल किती लागतं? आणि शेंगदाणे?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे हाती लागलं, ते इतर घरांनाही उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

आधी भाकरीचंच गणित पाहू. आमची एक भाकरी साधारण ७० ग्रॅम पिठाची असते. तिच्यातून २३५ कॅलरीच्या आसपास ऊर्जा मिळते. म्हणजे दीड भाकरी कमी झाली तेव्हा साडेतीनशे कॅलरी वाचल्या. पण पोट रिकामं राहू लागलं. दुकानातून आल्यावर हे मूठ-दीड मूठ भाजलेले शेंगदाणे खाऊ लागले, आणि उरलेल्या भाकरीला चव यावी म्हणून चटणीवर तेलाची धार जरा मोठी पडू लागली. ४० ग्रॅम शेंगदाण्यांतून सव्वादोनशे कॅलरी येतात आणि एका मोठ्या चमचाभर तेलातून १२०. दोन्ही मिळून पुन्हा साडेतीनशेच. वाचलं तेवढं दुसऱ्या दाराने आत आलं. ताट मात्र पहिल्यापेक्षा हलकं दिसत होतं.

स्निग्ध पदार्थाचं हेच अवघड आहे. पिठाच्या किंवा डाळीच्या एका ग्रॅममधून साधारण साडेतीन कॅलरी मिळतात, तेला-तुपाच्या एका ग्रॅममधून ९. शिवाय तेलाने ताट भरत नाही, ते भाजीत मुरून जातं. दोन मोठे चमचे तेल म्हणजे आमची एक अख्खी भाकरी. कोणी एक भाकरी जास्त खाल्ली तर ती सगळ्यांना दिसते. वांग्याच्या भाजीत दोन चमचे तेल जास्त पडलं तर खाणाऱ्यालाही कळत नाही, करणारीलाही नाही.

मी फोडणीची पळी मापून पाहिली. औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या मापाच्या झाकणाने पाणी ओतत गेले, तर पळीत ४० मिली मावलं. तेवढ्या तेलात सव्वातीनशेहून जास्त कॅलरी असतात. तेलाची फोडणी म्हणजे आमच्याकडे एक पळी, आणि भाजी वांग्याची असेल तर वर आणखी थोडं. वांगं स्पंजासारखं तेल ओढून घेतं, मग कढई कोरडी दिसते आणि हात पुन्हा बरणीकडे जातो.

पण रोज प्रत्येक चमचा मोजत बसणं कुठल्याच घरात टिकत नाही. त्यामुळे मी उलट्या बाजूने सुरुवात केली आणि किराणाची यादी काढली. आम्ही घरात चौघे: आम्ही दोघं, सासूबाई आणि कॉलेजला जाणारा मुलगा. महिन्याला ५ लिटर तेल, १ किलो तूप, ३ किलो शेंगदाणे आणि अर्धा किलो सुकं खोबरं लागत होतं. लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. ५ लिटरचे झाले ४,५५० ग्रॅम. त्याला ३० दिवसांनी आणि मग ४ माणसांनी भागलं, की दर माणशी रोज ३८ ग्रॅम तेल येतं. तूप ८ ग्रॅम, शेंगदाणे २५ ग्रॅम, खोबरं ४ ग्रॅम. या सगळ्यांच्या कॅलरी मिळून ५८० च्या घरात जातात. न दिसणाऱ्या जवळजवळ अडीच भाकऱ्या रोज प्रत्येकाच्या पोटात जात होत्या.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २,००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहाराचा जो नमुना दिला आहे, त्यात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे आणि शेंगदाणे, तीळ, सुकामेवा अशा गोष्टींना ३५ ग्रॅम. त्याच्याशी ताडून पाहिल्यावर नेमकं कळलं. आमचे शेंगदाणे मर्यादेत होते. तेल आणि तूप मात्र ४६ ग्रॅम होतं, म्हणजे १९ ग्रॅम जास्त. तिथेच रोजच्या १७० कॅलरी माणशी वाढत होत्या.

इथे एक सावधगिरी हवी. चौघांत सारखी वाटणी कागदावर होते, ताटात होत नाही. सासूबाई कट घेत नाहीत, हे आणि मुलगा तर्रीसकट रस्सा घेतात. म्हणजे ह्यांच्या वाट्याला सरासरीपेक्षा जास्तच जात असणार. हिशोबाला महिनाही साधा निवडावा. आषाढीच्या आधी माउलींची पालखी आमच्या गावात मुक्कामाला येते, घरोघर वारकऱ्यांच्या पंगती असतात. त्या महिन्याचं किंवा दिवाळीचं तेल धरलं तर आकडा फुगतो आणि खरं काही कळत नाही. पिशवीवरचं वजनही वाचून घ्यावं. लिटरच्या पिशवीसारख्या दिसणाऱ्या काही पिशव्यांत तेल कमी असतं.

लपलेलं स्निग्ध कुठे असतं, हे आमच्या चटणीत डोळ्यांनी दिसतं. शेंगाची चटणी उखळात कुटताना सुरुवातीला कूट कोरडं, भुरभुरीत असतं. कुटत राहिलं की ते ओलसर होतं, मुसळाला चिकटू लागतं आणि शेवटी कडेने तेल सुटून चकाकतं. वरून थेंबही घातलेला नसतो. शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलच आहे. खोबऱ्यात तर त्याहून जास्त, साधारण दोन तृतीयांश. म्हणून अशा चटणीवर पुन्हा तेल ओतण्याची गरज नसते. आम्ही ते सोडलं. चटणी ताकात किंवा दह्यात कालवून भाकरीशी लावतो.

उपवासाचं ताट असंच फसवतं. आमच्याकडे महिन्यातल्या दोन्ही एकादशी पाळल्या जातात. एका माणसाच्या खिचडीत ७५ ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचं कूट आणि मोठा चमचाभर तूप धरलं, तर साडेपाचशे कॅलरींच्या वर जातात. त्यातल्या निम्म्याहून जास्त कूट आणि तुपाच्या. हलकं खाल्लं असं वाटतं आणि एका बशीत सव्वादोन भाकऱ्यांची ऊर्जा येते. भगर आणि पातळ आमटी केली, कूट निम्मं घेतलं, तर तोच उपवास बराच हलका होतो.

आमच्या भागात आणखी एक समज घट्ट आहे. करडईचं तेल हृदयाला चांगलं, घाण्याचं त्याहून चांगलं, म्हणून ते सढळ हाताने घातलं तरी चालतं. तेलातेलांत फरक असतो हे खरं. करडईच्या तेलाचे गुण वेगळे, तुपाचे वेगळे. पण ऊर्जेच्या बाबतीत सगळी तेलं सारखीच, ग्रॅमला ९ कॅलरी. तेल बदलल्याने वजन उतरत नाही, मात्रा बदलल्याने उतरतं.

मग आम्ही काय केलं? महिन्याचं तेल ५ लिटरवरून ३ लिटरवर आणलं आणि तूप अर्धा किलो. हे चौघांत भागलं की माणशी २७ ग्रॅमच येतं. दर रविवारी पाऊण लिटरच्या आत बसेल एवढं तेल छोट्या बरणीत काढून ठेवते. शनिवारपर्यंत तेवढ्यातच भागवायचं. पळी उचलून ठेवली आणि तिच्या जागी चहाचा चमचा आला. चौघांच्या भाजीला चार चमचे. सुरुवातीला कांदा करपायचा. मग जाड बुडाची लोखंडी कढई घेतली, कांद्यावर मीठ टाकून झाकण ठेवलं आणि झाकणात पाणी ओतलं. कांदा स्वतःच्याच पाण्यात मऊ होतो. वांगी आधी वाफवून घेतली की तेल ओढत नाहीत. वाटणाचा कांदा तव्यावर कोरडा भाजते. रस्सा दाट करायला कूट निम्मं आणि बाकी भाजलेलं ज्वारीचं पीठ. तर्री मात्र पूर्वीसारखी येत नाही, हे कबूल करायला हवं. रंगासाठी बेडगी मिरची वाढवली, तेवढंच.

तळणाचं माप वेगळं घ्यावं लागतं. तळण्याआधी कढईसकट तेल काट्यावर ठेवायचं, गार झाल्यावर पुन्हा. आमच्या २० पुऱ्यांनी १०० ग्रॅमच्या आसपास तेल नेलं, म्हणजे पुरीमागे ५ ग्रॅम. चार पुऱ्या खाल्ल्या की दिवसाचं बहुतेक तेल तिथेच संपतं. उरलेलं तेल दुसऱ्या दिवशी फोडणीला घातलं तर तेही हिशोबात धरायचं.

ह्यांच्या भाकऱ्या पुन्हा अडीचवर आल्या, त्यामुळे संध्याकाळची शेंगदाण्याची मूठ आपोआप सुटली. पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत चार किलो वजन उतरलं. त्यापुढे ते उतरणं मंदावलं, कारण वजन घटलं की शरीराची गरजही घटते.

हे माप सगळ्यांना सारखं नाही. उसाच्या फडात दिवसभर राबणाऱ्याला जास्त ऊर्जा लागते. वाढत्या, किडकिडीत मुलाचं किंवा वजन घटत चाललेल्या म्हाताऱ्या माणसाचं तेल-तूप कापू नये, आणि दोन वर्षांखालच्या बाळाच्या मऊ भातावरचं तूप तर अजिबात नाही. तेल पूर्ण बंद करणंही चुकीचं. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धाशिवाय नीट अंगी लागत नाहीत. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर माप आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

पण बैठं काम, वाढतं वजन आणि "आम्ही तर घरचंच खातो" हे तिन्ही एका घरात असतील, तर भाकरीला हात लावण्याआधी या महिन्याची किराणाची यादी काढा. तेलाच्या लिटरला ९१० ने गुणा, त्यात तुपाचे ग्रॅम मिळवा, ३० ने भागा, मग घरातल्या माणसांनी भागा. उत्तर २७ च्या बरंच वर आलं, तर कमी करायची गोष्ट भाकरीच्या टोपलीत नाही, तेलाच्या बरणीत आहे.