ताण, झोप आणि उदासी

'ताणामुळे झोप उडते, झोप उडाल्याने उदासी येते,' असा निष्कर्ष मानसशास्त्राच्या शोधनिबंधांत वारंवार आढळतो. तेव्हा मी प्रथम पाहतो, तिन्ही गोष्टी मोजल्या कधी? बहुधा एकाच दिवशी, एकाच प्रश्नावलीत. मग उदासीमुळे झोप उडाली व त्यातून ताण वाढला, असा उलटा क्रम लावला तरी तीच आकडेवारी तितकीच जुळते. एकट्या राहणाऱ्यांत ताण-उदासीचा संबंध अधिक घट्ट आहे, एवढे अशा पाहणीतून म्हणता येते. एकटेपणामुळे तो घट्ट झाला, असे नव्हे. झोप हा मधला दुवा ठरवायचा, तर त्याच माणसांत तिन्ही गोष्टी काही महिन्यांच्या अंतराने निदान तीनदा मोजाव्यात. म्हणून 'झोप सुधारा, उदासी जाईल' असे वाचून उदासीवरचे औषध परस्पर बंद करू नये.